परीक्षेला बसायचे आहे, पण बसता येणार नाही

प्रति,
मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
आणि परीक्षा विभागातील सर्व अधिकारी व कर्मचारी

विषय: तृतीय वर्ष अभियांत्रिकी, पाचवे सत्र. हिवाळी परीक्षेतील पाच लेखी पेपर पूर्वनियोजित शस्त्रक्रियेमुळे उन्हाळी परीक्षेत देण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

या विषयाचा रीतसर अर्ज महाविद्यालयामार्फत आपल्याकडे आला आहे. नाव, कायम नोंदणी क्रमांक आणि वैद्यकीय कागद त्या अर्जासोबत आहेत, म्हणून इथे गाळले आहेत. तरीही हे पत्र उघडपणे लिहावे लागते आहे. अर्जाच्या नमुन्यात ‘कारण’ या शब्दापुढे दीड ओळ जागा आहे. त्या दीड ओळीत ‘शस्त्रक्रिया’ एवढेच मावते, आणि तेवढे वाचून आपल्या टेबलावरून येणारे उत्तर ठरलेले असते: लेखनिक घ्या, जादा वेळ घ्या, तळमजल्यावर वर्ग मिळेल. उत्तर देणाऱ्याची भावना चांगली असते, पण या दुखण्यात या तिन्ही सवलतींचा उपयोग नाही आणि त्यांपैकी एक तर अपायकारक आहे. असे का होते, ते सविस्तर मांडतो. हे दुखणे मुख्यतः विशी-तिशीच्या आसपासच्या मुलांना होते, म्हणजे आपल्या परीक्षार्थींच्याच वयात. तेव्हा असा अर्ज आपल्याकडे पुन्हा येणारच आहे.

दुखण्याचे नाव पायलोनिडल सायनस. माकडहाडाच्या वर, दोन कुल्ल्यांच्या मधल्या घळीत त्वचेला बारीक छिद्रे पडतात, सुटे केस त्यातून आत रुततात आणि त्वचेखाली केसांचा पुंजका साठून नळीसारखी पोकळी तयार होते. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थही ‘केसांचे घरटे’ असाच आहे, आणि आयुर्वेदिक शल्यचिकित्सक याला नाडीव्रणात धरतात. एरवी ही पोकळी गप्प असते. ओलावा, घर्षण आणि तासन्‌तास बसण्याचा दाब मिळाला की तिच्यात पू होतो आणि गळू धरते. दुसऱ्या महायुद्धात जीपमधून खडबडीत रस्त्यांवर तासन्‌तास फिरणाऱ्या अमेरिकन सैनिकांत हे दुखणे इतके दिसले की त्याला ‘जीपचा आजार’ असे नाव पडले. आज जीप नसली तरी अभ्यासाची खुर्ची आहेच.

अर्जातील प्रकरणात गळू दोनदा झाले. पहिले जुलैअखेर, दुसरे ऑक्टोबरच्या सुरुवातीला. दोन्ही वेळा चीर देऊन पू काढावा लागला. दुसरी चीर ३ ऑक्टोबरला दिली. चीर दिल्याने ठणका थांबतो, पण घरटे तिथेच राहते. म्हणून मूळ पोकळीच काढून टाकणारी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती पू असताना करता येत नाही. सूज पूर्ण ओसरून चिरेची जखम भरेपर्यंत थांबावे लागते. शल्यचिकित्सकांनी त्यासाठी सहा आठवडे धरले. ३ ऑक्टोबरपासून सहा आठवडे मोजले की १४ नोव्हेंबर येते. ही तारीख आपले वेळापत्रक पाहून काढलेली नाही, चिरेच्या दिवसापासून मोजून काढली आहे. ती ज्या केसपेपरवर लिहिली आहे त्याची तारीख १० ऑक्टोबर आहे. आपले वेळापत्रक जाहीर झाले २४ ऑक्टोबरला.

हा क्रम मुद्दाम सांगतो. ‘पूर्वनियोजित’ हा शब्द अर्जदाराच्या विरोधात जातो, असे दिसते. अपघात झाला, अपेंडिक्स फुटले तर सहानुभूती मिळते. आधी ठरवून केलेली शस्त्रक्रिया म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात येते, मग पुढची तारीख का नाही घेतली? शस्त्रक्रिया नियोजित आहे याचा अर्थ तिची वेळ ठरवली आहे इतकाच. ती हौसेने करायची असते असा नाही. तारीख आपल्या सोयीने घेतली की दुखण्याच्या हिशेबाने, हे तपासायचे असेल तर दोन कागदांवरच्या तारखा शेजारी ठेवाव्यात. त्यासाठी वैद्यकशास्त्र यावे लागत नाही.

पण प्रश्न रास्त आहे. लेखी पेपर २४ नोव्हेंबरला सुरू होतात आणि ३ डिसेंबरला संपतात. मग ४ डिसेंबरला शस्त्रक्रिया का नको? वीसच दिवसांचा फरक आहे, शिवाय पुढे सुट्टी आहे. कागदावर हे अगदी सोयीचे दिसते. अडचण अशी की शस्त्रक्रियेला कोरडा काळ लागतो, आणि तो काळ टिकवण्याची अट म्हणजे कमी बसणे. परीक्षेपूर्वीचे तीन आठवडे आणि परीक्षेचे दहा दिवस विद्यार्थी नेमके उलटे करतो. रोज आठ-दहा तास खुर्चीत असतो. जुलै आणि ऑक्टोबर या दोन गळवांमध्ये जेमतेम दोन महिन्यांचे अंतर होते. तिसरे गळू डिसेंबरपर्यंत थांबेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. ते नेमके परीक्षेत आले तर ताप आणि ठणका अंगावर घेऊन विद्यार्थी एखाद-दुसरा पेपर देईल, उरलेले चुकतील, आणि आपल्याकडे तेच अनुपस्थितीचे प्रकरण येईल. फरक इतकाच की तेव्हा पूर्वसूचना नसेल. वर पुन्हा सहा आठवडे थांबणे आले, म्हणजे शस्त्रक्रिया सहाव्या सत्रात जाईल. प्रत्येक गळवागणिक पोकळीला नवा फाटा फुटण्याचा धोका असतो आणि मग काढायचा भाग वाढतो. आताच तीन छिद्रे आहेत, त्यांतले एक मधल्या रेषेपासून डावीकडे सरकलेले आहे. हे सरकलेले छिद्र पुढच्या सगळ्या हिशेबाचे कारण आहे.

कुणीतरी म्हणेल, आता लेझरने होते ना, दोन दिवसांत माणूस खुर्चीत बसतो. खरे आहे, काही रुग्णांच्या बाबतीत. छिद्र एखाद-दुसरे असेल, नळी सरळ आणि आखूड असेल, तर लेझर, दुर्बीण किंवा फिनॉल यांसारखे छोटे उपाय चालतात आणि लवकर कामाला लागता येते. दोनदा गळू झालेल्या, बाजूला फाटा गेलेल्या पोकळीत शल्यचिकित्सक सहसा फ्लॅपकडे, म्हणजे शेजारची त्वचा फिरवून खड्ड्यात बसवण्याकडे, वळतात. उपाय कोणता हे पोकळीच्या नकाशावरून ठरते. परीक्षेच्या तारखांवरून तो ठरवायला गेले की दुखणे परत येते आणि पुढच्या वर्षी हाच अर्ज पुन्हा लिहावा लागतो.

ठरलेली शस्त्रक्रिया लिम्बर्ग फ्लॅप या नावाने ओळखली जाते. तिची रचना अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला लगेच कळावी अशी आहे. सगळी छिद्रे आणि नळ्या आत येतील असा समभुज चौकोन त्वचेवर आखतात, त्याचे कोन ६० आणि १२० अंशांचे. तेवढा तुकडा खालच्या चरबीसकट, माकडहाडावरच्या आवरणापर्यंत कापून काढतात. मग शेजारच्या कुल्ल्यावरची तितक्याच मापाची त्वचा-चरबी एका बाजूने जोडलेली ठेवून उचलतात, फिरवून त्या खड्ड्यात बसवतात, आणि जिथून ती उचलली ती जागा सरळ रेषेत शिवतात. एवढा खटाटोप का, तर मधली घळ सपाट व्हावी आणि टाक्यांची रेषा घळीतून बाजूला जावी म्हणून. घळीत ओलावा असतो, केस ओढले जातात, हवा लागत नाही. तिथे सरळ टाके घातले तर जखम उशिरा भरते आणि दुखणे परतण्याचे प्रमाण जास्त राहते.

याची किंमत शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत मोजावी लागते. भूल कमरेतून देतात, दोन-तीन दिवस रुग्णालयात ठेवतात, फ्लॅपखाली पाणी साचू नये म्हणून नळी ठेवतात आणि ती काही दिवसांनी काढतात. टाके साधारण चौदाव्या दिवशी निघतात. या काळात झोपायचे ते पालथे किंवा कुशीवर. उभे राहणे आणि चालणे चालते, उलट चालायलाच सांगतात. बंदी आहे ती फक्त बसण्यावर.

ही बंदी दुखते म्हणून घातलेली नाही. दुखणे गोळीने कमी होते, म्हणूनच धोका वाढतो. माणूस बसला की कंबर आणि मांडी यांच्यात काटकोन होतो आणि कुल्ल्यावरची त्वचा खाली व बाजूला ताणली जाते. लिहिण्यासाठी तो पुढे वाकला की हा ताण आणखी वाढतो. नव्याने बसवलेल्या चौकोनाच्या चारही कडा एकाच वेळी ओढल्या जातात. शिवाय शरीराचा भार फ्लॅपवर येऊन तो खालच्या थरावर सरकतो. जो थर चिकटायला हवा तोच घासत राहिला की मध्ये पोकळी राहते आणि त्यात पाणी किंवा रक्त साचते. सगळ्यांत आधी सुटतो तो खालचा कोपरा. तो गुदद्वाराच्या जवळ असतो, तिथे रक्तपुरवठा बेताचा आणि ओलावा जास्त. एकदा तो कोपरा उघडला की बहुधा पुन्हा शिवत नाहीत. जखम तळापासून वर भरू द्यावी लागते. त्याला रोजचे ड्रेसिंग आणि कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. गोल भोकाची गादी घेऊन बसा, असा सल्ला नातेवाईक हमखास देतात. ती मूळव्याधीच्या नावाने घराघरांत पोचली आहे. इथे ती कुल्ले आणखी फाकवते, म्हणून तीही नको.

टाके चौदाव्या दिवशी निघतात म्हणून जखम चौदाव्या दिवशी बरी झाली, असा समज सर्रास असतो. टाके निघणे म्हणजे कडा जुळल्या, इतकेच. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास जखमेची ताकद मूळ त्वचेच्या पाव भागाच्या आसपास असते, आणि सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचायला तीन महिने लागतात. म्हणून तीन आठवडे पूर्ण झाल्यावरही आधी दहा-पंधरा मिनिटे बसायचे, मग उठायचे, आणि हळूहळू वेळ वाढवायचा, असेच सांगितले जाते. सलग तीन तास ही त्या वाढवण्याच्या अगदी शेवटची पायरी आहे.

आता हे दिवस आपल्या वेळापत्रकाशेजारी ठेवतो. शस्त्रक्रियेचा दिवस शून्य धरला तर पहिला पेपर, २४ नोव्हेंबर, दहाव्या दिवशी येतो. दुसरा, २६ नोव्हेंबर, बाराव्या दिवशी. हे दोन्ही टाके अंगात असताना. तिसरा २८ नोव्हेंबरला, म्हणजे चौदाव्या दिवशी, ज्या दिवशी टाके काढायचे आहेत. चौथा १ डिसेंबरला सतराव्या दिवशी आणि पाचवा ३ डिसेंबरला एकोणिसाव्या दिवशी. पाचही पेपर तीन आठवड्यांच्या आत आहेत. प्रत्येक पेपर तीन तासांचा, म्हणजे बाकावरचे १५ तास. अर्धा तास आधी वर्गात बसायचे, त्याचे अडीच तास वेगळे. केंद्रावर एसटीने येण्या-जाण्याचे धक्के यात धरलेलेच नाहीत.

इथे आपल्या तीन सवलतींकडे येतो. लेखनिकाने हाताचे काम वाचते. पण लेखनिक लिहीत असताना उत्तर सांगणारा शेजारी बसूनच असतो, आणि आकृत्या, समीकरणे तोंडी सांगताना वेळ जास्तच जातो. तळमजल्याच्या वर्गाने जिना वाचतो. पण जिना चढणे या दुखण्यात वर्ज्य नाही, बसण्याच्या मानाने तर ते बरेच. राहिला जादा वेळ. दिव्यांग परीक्षार्थींसाठीच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला किमान २० मिनिटे मिळतात. हाच हिशेब इथे लावला तर तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो आणि पाच पेपरांचे बाकावरचे १५ तास २० होतात. ज्याला बसायचे नाही त्याला सवलत म्हणून आणखी पाच तास बसवायचे, असा याचा अर्थ होतो. सवलतींचा तक्ता तयार करताना हात, डोळे आणि पाय यांचा विचार झाला, पाठीच्या खालच्या टोकाचा झाला नाही. यात कुणाचा दोष नाही. ‘परीक्षेला बसणे’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की बसणे ही परीक्षेची अट आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. हॉल तिकिटावरच्या क्रमांकालाही आपण बैठक क्रमांकच म्हणतो.

एक पर्याय मात्र गांभीर्याने तपासला पाहिजे: उभ्याने पेपर. व्यासपीठावरचा उंच मेज वेगळ्या वर्गात ठेवून, मध्येमध्ये चार पावले चालण्याची मुभा देऊन तीन तास लिहिता येईल का? सतराव्या आणि एकोणिसाव्या दिवशी काही रुग्णांना हे जमेल. याला सरसकट नकार देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दहाव्या आणि बाराव्या दिवशी मात्र शल्यचिकित्सकांनी रुग्णालयातील ड्रेसिंगपलीकडचा प्रवासच मना केला आहे, आणि प्रमाणपत्रात तसे लिहिले आहे. मग पाचपैकी दोन पेपर उभ्याने द्यायचे आणि तीन पुढे ढकलायचे, असे तुकडे करावे लागतील. त्यासाठी केंद्राला वेगळा वर्ग, वेगळा पर्यवेक्षक आणि दोन दिवसांची परवानगी लागेल, आणि एवढे करूनही उन्हाळी परीक्षेचा अर्ज भरावा लागेलच. एका विद्यार्थ्यासाठी दोन व्यवस्था उभ्या करण्यापेक्षा पाचही पेपर एकत्र पुढे नेणे विभागालाही हलके जाईल. ज्या अर्जदाराचा एकच पेपर तीन आठवड्यांच्या काठावर येत असेल, त्याच्यासाठी मात्र उभ्याचा पर्याय तक्त्यात जरूर असावा.

आता नेमकी मागणी. वेगळी प्रश्नपत्रिका किंवा जानेवारीत विशेष परीक्षा मागितलेली नाही. एका विद्यार्थ्यासाठी प्रश्नपत्रिका काढणे, तिचे नियमन, गोपनीय छपाई, स्वतंत्र मूल्यांकन हे सारे किती मनुष्यबळ खाते ते ठाऊक आहे. पाचव्या सत्राचे हेच पेपर अनुशेषाच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी परीक्षेत होतच असतात. तीच प्रश्नपत्रिका, त्याच दिवशी, त्याच केंद्रावर द्यायची आहे. त्या परीक्षेत सहाव्या सत्राचे पेपरही असतील, म्हणजे एकूण दहा. तो भार मान्य आहे.

खरी अडचण पेपर कधी द्यायचे ही नाहीच, ते निकालात कसे नोंदले जाणार ही आहे. परीक्षेचा अर्ज सप्टेंबरमध्ये भरला आहे आणि शुल्कही भरले आहे, कारण तेव्हा दुसरे गळू व्हायचे होते. आता काहीच केले नाही तर नेहमीप्रमाणे हॉल तिकीट निघेल, बैठक क्रमांक पडेल आणि पाच दिवस वर्गात त्या बाकासमोर अनुपस्थितीची खूण होईल. क्रमांक एकदा पडला की गुणनोंदीत त्या ओळीसमोर गुण तरी भरावे लागतात किंवा अनुपस्थित तरी. ‘परवानगीने पुढे ढकलले’ असा तिसरा शेरा तिथे नसतो. मग निकालपत्रावर पाच विषयांत अनुपस्थित छापले जाते, तो एक प्रयत्न मोजला जातो, आणि उन्हाळ्यात त्याच विषयांत कितीही गुण मिळाले तरी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण असा दाखला मिळत नाही. कॅम्पस मुलाखतीला येणाऱ्या अनेक कंपन्या अर्जातच अनुशेष आहे का, होता का, असे दोन प्रश्न विचारतात. तिथे शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र वाचणारा माणूस नसतो, संगणकाची चाळणी असते.

म्हणून परवानगी पेपरांनंतर देऊन भागत नाही. ती हॉल तिकिटे निघण्यापूर्वी हवी, आणि तिचे रूप अर्जातून लेखी विषय मागे घेणे असे हवे. अर्ज मागे घेतला की बैठक क्रमांक पडत नाही, पडला नाही की अनुपस्थिती नाही, आणि जिथे अनुपस्थिती नाही तिथे प्रयत्नही नाही. आपल्या संगणक प्रणालीत नवा शेरा घालण्याची गरजच उरत नाही. निकालाच्या मुदतीलाही धक्का लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल ३० दिवसांत आणि काहीही झाले तरी ४५ दिवसांत जाहीर करायचे असतात. अर्धवट राखून ठेवलेला निकाल या मुदतीत अडचण करतो, मागे घेतलेला अर्ज करत नाही.

मात्र अर्ज मागे घेताना एक गोष्ट हमखास चुकते. संपूर्ण सत्राचा अर्ज रद्द केला तर त्याच अर्जाखाली नोंदलेले प्रात्यक्षिक, तोंडी आणि सत्रकर्माचे गुणही अधांतरी राहतात. प्रात्यक्षिके आणि तोंडी परीक्षा ३ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत, शस्त्रक्रियेपूर्वी आहेत. प्रात्यक्षिक बहुतेक उभ्याने होते, तोंडी वीस मिनिटांत आटोपते, तेव्हा ती द्यायला काहीच अडचण नाही आणि ती दिली जातील. म्हणून विनंती अशी की फक्त पाच लेखी विषय मागे घेतले जावेत, बाकी नोंदी याच सत्रात कायम राहाव्यात आणि लेखी गुण उन्हाळ्यात आले की त्यांना जोडल्या जाव्यात. आदेशात ‘लेखी’ हा शब्द स्पष्ट असावा. तो नसला तर महाविद्यालयातील लिपिक सावधपणे सगळाच अर्ज रद्द करून मोकळा होतो, आणि त्याला दोषही देता येत नाही. भरलेले परीक्षा शुल्क परत मागितलेले नाही. ते उन्हाळी अर्जात वळते करता आले तर ठीक, नाही तर नवे शुल्क भरले जाईल. या एका मुद्द्यावर फाइल वित्त विभागाकडे जाऊन अडकू नये, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

प्रमाणपत्राबद्दलही लिहायला हवे. अर्जांसोबत येणाऱ्या बहुतेक प्रमाणपत्रांत ‘तीन आठवडे विश्रांतीचा सल्ला’ एवढेच असते, आणि अशा कागदावर आपण विश्वास ठेवत नाही यात नवल नाही. विश्रांती म्हणजे काय हे त्यातून कळत नाही. घरी पडून राहणे आणि बाकावर न बसणे यांत फरक आहे. या अर्जासोबतच्या प्रमाणपत्रात चार गोष्टी आहेत: शस्त्रक्रियेचे नाव आणि तारीख, बसण्यावरची बंदी किती दिवस, प्रवासावरची बंदी किती दिवस, आणि सलग तीन तास बसता येईल असा अंदाजे आठवडा, जो सातवा-आठवा लिहिला आहे. खाली डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे. तो ऑनलाइन पडताळता येतो. जिल्हा शल्यचिकित्सकांची प्रतिस्वाक्षरी हवी असेल तर तसे १२ नोव्हेंबरपूर्वी कळवावे. १४ नोव्हेंबरनंतर त्या स्वाक्षरीसाठी जिल्हा रुग्णालयाच्या बाकावर रांगेत बसणे हे पेपरला बसण्याइतकेच अशक्य असेल.

आणि निदान. या पत्रात ते उघड लिहिले आहे, कारण त्याशिवाय बसण्याचा हिशेब समजला नसता. पण जागा अशी आहे की तिचे नाव घेताना बहुतेक मुले अडखळतात आणि कारणाच्या रकान्यात ‘पाठदुखी’ लिहून मोकळी होतात. पाठदुखीसाठी अर्थातच कुणी परीक्षा पुढे ढकलत नाही. फाइल पाच-सहा टेबलांवरून फिरते. त्यातल्या प्रत्येकाला निदान कळण्याची गरज नाही. मर्यादा काय आणि किती दिवस, एवढे वरच्या कागदावर असावे आणि निदान बंद पाकिटात, फक्त निर्णय घेणाऱ्यासाठी. अशी सोय असती तर यातले काही पाठदुखीचे अर्ज खऱ्या नावाने आले असते.

हॉल तिकिटे सहसा परीक्षेच्या आठ-दहा दिवस आधी निघतात. त्या हिशेबाने ती १४ नोव्हेंबरच्या आसपास येतील. अर्जावरचा निर्णय, होकार असो वा नकार, लेखी स्वरूपात १० नोव्हेंबरपर्यंत महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात पोचावा, ही विनंती. नकार असेल तर त्याचे कारणही लिहावे, म्हणजे कुलगुरूंकडे दाद मागायला चार दिवस हातात राहतील. तोंडी ‘बघू, नंतर अर्ज करा’ हे उत्तर मात्र नको. ‘नंतर’ म्हणजे निकालपत्रावर अनुपस्थित छापल्यानंतर, आणि छापलेले निकालपत्र दुरुस्त करायला लागणारा वेळ जखम भरायला लागणाऱ्या वेळापेक्षा बराच जास्त असतो.

कळावे.

आपला विश्वासू,
पाचव्या सत्राचा एक परीक्षार्थी

३० ऑक्टोबर

मूळ अर्जासोबत जोडलेले: १० ऑक्टोबरच्या केसपेपरची प्रत, शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र (बंद पाकिटात), परीक्षा अर्जाची व शुल्क पावतीची प्रत, महाविद्यालयाचे शिफारसपत्र.